वाढवण्याची मुभा, सोडण्याची मुभा : हिशोबातून सुटलेली एक किंमत



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा हिशोबाचा नाद कुठून लागला? उत्तर सोपं आहे. प्रत्येक हिशोबाच्या पोटात माणसाविषयीचं एक गृहीतक दडलेलं असतं आणि गृहीतकं उकरून काढणं हाच आमचा धंदा. आज ज्या हिशोबाबद्दल बोलायचं आहे, त्यातला माणूस फार विचित्र आहे. तो आयुष्यात एकदाच निर्णय घेतो आणि मग झोपी जातो.

निव्वळ वर्तमान मूल्य, ज्याला बँकेत आणि कंपन्यांत सगळे एनपीव्हीच म्हणतात, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. पुढच्या वर्षांत येणारे पैसे अंदाजाने मांडायचे, उद्याचा रुपया आजच्यापेक्षा हलका म्हणून त्यांना व्याजाच्या दराने कापायचं, बेरीज करायची आणि त्यातून आज घालायचा पैसा वजा करायचा. उत्तर शून्याच्या वर आलं तर प्रकल्प घ्यायचा, खाली आलं तर सोडायचा. आयर्व्हिंग फिशर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचा सैद्धांतिक पाया घातला, १९५१ मध्ये जोएल डीन यांच्या भांडवली अंदाजपत्रकावरच्या पुस्तकाने तो कंपन्यांच्या टेबलावर आणला आणि नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ती जवळजवळ सर्वमान्य रीत झाली. रीत चांगलीच आहे. आमचं भांडण तिच्याशी नाही, त्या झोपलेल्या माणसाशी आहे.

एक उदाहरण फळ्यावर मांडू. आकडे आमचे, काल्पनिक. समजा एक कारखाना काढायला आज १०० लाख लागतात. वर्षभरात बाजार कळेल. बाजार चांगला निघाला तर कारखान्याची किंमत वर्षअखेरीला १५० लाख होईल, वाईट निघाला तर ६० लाख. दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी १०५. व्याजाचा दर १० टक्के धरला, तर १०५ ला १.१ ने भागून आजचे साधारण ९५.५ लाख होतात. घालायचे १००, येणार ९५.५. उत्तर उणे साडेचार लाख. प्रकल्प नको, फाईल बंद.

आता झोपलेल्या माणसाला उठवू. वर्षअखेरीला बाजार वाईट निघाला आणि शेड, जमीन, यंत्रं विकून ८० लाख येत असतील, तर ६० लाखांचा कारखाना चालवत कोण बसेल? शहाणा माणूस विकून मोकळा होईल. म्हणजे वाईट बाजूचा आकडा ६० नव्हे, ८० आहे. सरासरी ११५, आजची किंमत साडेएकशेचार लाख. उणे साडेचारचं अधिक साडेचार झालं. बाजार तोच, यंत्रं तीच. मधला नऊ लाखांचा फरक फक्त सोडून देण्याच्या मुभेचा आहे.

आणखी पुढे जाऊ. बाजार चांगला निघाला आणि शेजारची जागा आपण आधीच राखून ठेवलेली असेल, तर आणखी १०० लाख घालून १५० लाखांचा दुसरा कारखाना उभा करता येईल. त्यात ५० लाखांचा फायदा, तो मिळण्याची शक्यता निम्मी, म्हणून २५; आजच्या भावाने साधारण पावणेतेवीस लाख. ही वाढवण्याची मुभा. त्या राखीव जागेसाठी आज दहा लाख जास्त मोजावे लागले, तर साध्या हिशोबात तो दहा लाखांचा निव्वळ खड्डा दिसतो. तपासनीस लाल शाईने विचारणार, की या जागेचं उत्पन्न काय?

आता गंमत पाहा. राखीव जागा सध्या बाजूला ठेवू, फक्त विकून टाकण्याची मुभा धरू आणि अनिश्चितता वाढवू. चांगला बाजार १८०, वाईट ३०. सरासरी अजूनही १०५. साध्या हिशोबाचं उत्तर तसूभरही हलत नाही, तेच उणे साडेचार. पण विकून टाकण्याची मुभा असलेल्या माणसासाठी वाईट टोक ८० वरच थांबतं आणि चांगलं टोक १८० ला गेलेलं असतं. सरासरी १३०, आजचे सुमारे ११८ लाख. साडेचारचा नफा अठरावर गेला. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, की अनिश्चितता वाईट. ज्याला दार उघडून बाहेर पडता येतं, त्याच्यापुरती ती वाईट नाही. दार बंद असेल तर मात्र आहेच.

जाणकार इथे एक आक्षेप घेतील आणि तो खरा आहे. वाईट टोक कापलं की प्रकल्पाची जोखीमच बदलते, मग दोन्हीकडे दहाच टक्के दर कसा लावता? बरोबर. मुभेला नेमका कोणता दर लावायचा हेच कोडं होतं. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी, आणि त्याच वर्षी रॉबर्ट मर्टन यांनी, शेअरबाजारातल्या ऑप्शनची किंमत दर न ठरवताही काढता येते हे दाखवलं. शेअर आणि कर्ज यांचं असं मिश्रण करायचं की ते ऑप्शनसारखंच वागेल; मिश्रणाची किंमत तीच ऑप्शनची. चार वर्षांनी, १९७७ मध्ये, एमआयटीच्या स्टुअर्ट मायर्स यांनी लिहिलं, की कंपनीच्या किमतीचा मोठा भाग म्हणजे पुढे गुंतवणूक करण्याच्या अशा मुभाच असतात. ‘रिअल ऑप्शन’ हे नाव त्यांचं. मायर्स मुभेला बाजारातल्या ऑप्शनच्या पंक्तीला बसवू शकले याचं कारण दोन्हींचं हाड एकच आहे: हक्क आहे, बंधन नाही.

ही गोष्ट जुनी आहे, किती जुनी ते ॲरिस्टॉटल सांगतो. ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच खंडात थेलीसची कथा आहे. तत्त्वज्ञान शिकून गरीबच राहिलास, असं लोक हिणवायचे. त्याने हिवाळ्यातच ओळखलं, की ऑलिव्हचं पीक मोठं येणार. जवळच्या थोड्या पैशांतून त्याने मिलेटस आणि कायऑस इथल्या सगळ्या तेलघाण्यांना बयाणा देऊन ठेवला. स्पर्धाच नव्हती, स्वस्तात काम झालं. हंगाम आला, घाण्यांसाठी झुंबड उडाली आणि त्याने हव्या त्या भावाने त्या भाड्याने दिल्या. ॲरिस्टॉटल याला मक्तेदारीचं उदाहरण म्हणतो. आम्हाला वाटतं, खरी गोम बयाण्यात आहे. पीक बुडालं असतं तर बयाणा गेला असता, घाणे गळ्यात पडले नसते. तत्त्वज्ञानाच्या विभागांनी ही कथा उगाळून उगाळून खाल्ली आहे, पण बयाण्याकडे लक्ष क्वचितच जातं.

आता खऱ्या लोखंडाकडे वळू. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांच्यामधल्या हडसन नदीवरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल १९२७ मध्ये बांधायला घेतला आणि १९३१ च्या ऑक्टोबरात खुला झाला. तो बांधणारे मुख्य अभियंता ओथमार अमान, मूळचे स्विस. मधला गाळा ३५०० फुटांचा, तेव्हा जगातला सर्वांत लांब. या पुलावर आधी फक्त सहा मार्गिका होत्या आणि मधली पट्टी बिनफरशीची, मोकळीच. पण चार मुख्य केबल, मनोरे आणि दोन्ही काठांवरचे नांगर, म्हणजे केबल जिथे जमिनीत रोवतात ते अवजड भाग, हे सगळं अमान यांनी दुसऱ्या, खालच्या मजल्याचं वजन पेलेल असं केलं होतं. तो मजला तेव्हा बांधला नाही. मुभा विकत घेतली आणि ठेवून दिली.

पुढे काय झालं? १९४६ मध्ये मधली पट्टी फरशी घालून खुली केली, सहाच्या आठ मार्गिका झाल्या. आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये खालचा मजला सुरू झाला, आणखी सहा मार्गिका. एकूण चौदा. अमान तेव्हा ८३ वर्षांचे होते. वरची वाहतूक चालू ठेवूनच खालचा मजला टांगला गेला, कारण केबलला हात लावावा लागला नाही. आणखी एक तपशील आम्हाला फार आवडतो. मूळ विचारात खालच्या मजल्यावर रेल्वे होती. प्रत्यक्षात धावल्या मोटारी. मुभा घेताना ती कशासाठी वापरू हे नेमकं माहीत असावंच लागतं असं नाही.

त्याच पुलाला दुसरीही एक मुभा होती. मनोऱ्यांना ग्रॅनाइटचा वेष चढवायचा होता. मंदी आली, खर्च नको झाला, दगड चढलाच नाही. उघडं पोलाद तसंच राहिलं आणि आता लोक त्याचंच कौतुक करतात. काम टप्प्यांत ठेवलं होतं म्हणून मधला एक टप्पा गाळता आला.

साध्या हिशोबाने या खालच्या मजल्याची किंमत काय आली असती? एकतीस वर्षांनी मिळणारा एक रुपया ८ टक्क्यांनी कापला, तर आज उरतात नऊ पैसे. त्यावर पुन्हा तो मजला लागेलच याची खात्री नाही. तपासनीसाने जाडजूड केबलवर काट मारली असती आणि कागदावर त्याचं काही चुकलं नसतं. पण त्याने तुलना कशाशी करायची हेच चुकीचं धरलं असतं. जास्तीच्या पोलादाची तुलना खालच्या मजल्याच्या उत्पन्नाशी नाही. ती पोलाद नसताना पुढे काय करावं लागेल याच्याशी आहे. कताई झालेली केबल मागाहून जाड करणं जवळजवळ अशक्य. मग उरतो शेजारी नवा पूल. काही मुभा आज स्वस्त असतात आणि उद्या कोणत्याही किमतीला मिळत नाहीत.

इथे आमच्यावरही एक आक्षेप येतो. जिथे मुभा कामी आली तोच पूल निवडून आम्ही गोष्ट सांगतोय. दुसऱ्या मजल्यासाठी बांधले आणि दुसरा मजला कधीच न लागलेले पूल कुणी व्याख्यानात आणत नाही. मान्य. मुभा वापरली गेली नाही म्हणजे ती घेणं चूक, असं होत नाही. विम्याचा हप्ता भरून घर जळलं नाही म्हणून कुणी हळहळत नाही. पण हप्ता किती होता हे विचारावंच लागतं. याच कारणाने रिअल ऑप्शनचा सर्वांत मोठा दुरुपयोग होतो. उणे आलेल्या प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी ‘यात व्यूहात्मक मूल्य आहे’ असं वाक्य चिकटवून तो मंजूर करून घेतात. ओळखायचं कसं? तीन प्रश्न विचारा. नवी माहिती कधी आणि कुठून येणार? ती आल्यावर आपण कोणता वेगळा निर्णय घेणार? आणि तो घेण्याचा अधिकार नेमका कुणाच्या हातात? तिन्हींची उत्तरं नसतील तर ती मुभा नव्हे, आशा आहे.

सोडण्याच्या मुभेबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ती दिसते तेवढी सरळ नाही. १९८५ मध्ये मायकेल ब्रेनन आणि एडुआर्डो श्वार्ट्झ यांनी एका खाणीचा हिशोब मांडला. धातूचा भाव पडला की खाण बंद ठेवायची, चढला की पुन्हा उघडायची. पण बंद करायला खर्च येतो, उघडायलाही येतो. म्हणून भाव खर्चाच्या खाली गेला की लगेच खाण बंद करणं शहाणपणाचं ठरत नाही; थोडा तोटा सोसून थांबावं, कारण बंद करताना चालू राहण्याची मुभा आपण जाळतो. हीच गोष्ट १९८९ मध्ये अविनाश दीक्षित यांनी उद्योगात शिरण्या-निघण्याबद्दल सर्वसाधारणपणे सिद्ध केली: शिरायला खर्चापेक्षा बराच वरचा भाव लागतो, निघायला खर्चापेक्षा बराच खालचा, आणि मधल्या पट्ट्यात जो जिथे आहे तो तिथेच राहतो. दीक्षित १९४४ मध्ये मुंबईत जन्मले, मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन केंब्रिजला आणि पुढे एमआयटीला गेले. रॉबर्ट पिंडाइक यांच्याबरोबरचं त्यांचं १९९४ चं पुस्तक या विषयाचं पाठ्यपुस्तक ठरलं. म्हणजे तोटा होत असूनही थांबणारा माणूस प्रत्येक वेळी हट्टीच असतो असं नाही. हट्ट आणि हिशोब बाहेरून सारखेच दिसतात, हीच तर अडचण.

ते पुस्तक आलं त्याच सुमारास आपल्या राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, एका मुभेचं काय झालं ते पाहू. दाभोळ वीज प्रकल्पाबद्दल इतकं लिहून झालंय, की आम्ही राजकारणात शिरणार नाही. एकाच कलमाकडे पाहू.

एन्‌रॉन आणि राज्य वीज मंडळ यांच्यातला प्राथमिक करार १९९२ चा. प्रकल्प दोन टप्प्यांत होता. डिसेंबर १९९३ मध्ये झालेल्या वीजखरेदी करारात ६९५ मेगावॉटचा पहिला टप्पा बंधनकारक होता. सुमारे तेराशे मेगावॉटचा दुसरा टप्पा मंडळाच्या इच्छेवर होता. म्हणजे वाढवण्याची मुभा मंडळाकडे होती. पहिल्या टप्प्याची वीज कशी पडते, राज्याची मागणी किती वाढते, रुपया कुठे जातो हे बघून ठरवता आलं असतं. त्याच वर्षी जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज नाकारताना म्हटलं होतं, की एवढी मोठी, सतत चालवावी लागणारी क्षमता आल्यास स्वस्त कोळशाची वीज मागे ठेवावी लागेल. नेमकी हीच अनिश्चितता होती आणि तिच्यावरचं औषध त्या ऐच्छिक कलमात होतं.

१९९५ मध्ये सरकार बदललं, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, मग पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या जानेवारीत नवा करार जाहीर झाला. चर्चा झाली ती एका आकड्याची: युनिटचा दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आला. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या करारांचे होते. नव्या करारात पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा झाला, एकूण क्षमता २१८४ मेगावॉट, आणि दुसरा टप्पा बंधनकारक झाला. जुन्या दरासोबत एक मुभा होती, नव्या दरासोबत ती नव्हती. चोपन्न पैसे सगळ्यांना दिसले. त्या कलमाची किंमत कुठल्याच रकान्यात नव्हती, म्हणून ते गेलं तेव्हा हिशोबात कुठे खड्डाही पडला नाही.

सोडण्याच्या मुभेचंही तसंच. वीज उचला किंवा न उचला, क्षमतेचा आकार द्यायचाच आणि तो डॉलरशी बांधलेला, अशी रचना होती. कंपनीच्या बाजूने बघा, तिची मागणी समजण्यासारखी आहे. समुद्रकाठी उभं केलेलं वीजकेंद्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही, गिऱ्हाईक एकच. मोडीत काढलं तर हाती थोडंच येणार, म्हणजे तिची स्वतःची सोडण्याची मुभा जवळजवळ शून्य. म्हणून तिने गिऱ्हाइकाची मुभा काढून घेतली आणि वर सरकारी हमी मागितली. मुभा हवेत विरत नाही. एकाने सोडली की बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडलेली असते आणि ती कुणाच्या पदरात आहे हे करारात शोधावं लागतं, ताळेबंदात सापडत नाही.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. १९९३ मध्ये सुमारे एकतीस रुपयांचा असलेला डॉलर २००१ पर्यंत सत्तेचाळीसच्या आसपास गेला होता. इंधन महागलं, मागणी धरली तेवढी नव्हती. यातली एकेक गोष्ट आधी कुणाला नक्की ठाऊक असणं शक्य नव्हतं आणि तसा दोष आम्ही कुणाला देत नाही. पण नक्की ठाऊक नसणं हेच तर दुसरा टप्पा ऐच्छिक ठेवण्याचं कारण होतं. मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडीत काढला, वीज घेणं थांबलं, आणि त्या वेळी बंधनकारक केलेला दुसरा टप्पा नव्वद टक्क्यांच्या आसपास बांधून झाला होता. मंडळ बाहेर पडलं, पण दारातून नव्हे, भिंत फोडून. हमीचे दावे, लवाद, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. अखेर २००५ मध्ये केंद्राच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढून केंद्र तिच्याकडे दिलं गेलं.

जुन्या करारातलं ते ऐच्छिक कलम कागदावर दोन-चार ओळींचं. १९९३ ते १९९६ एवढंच त्याचं आयुष्य, आणि त्या काळात ते वापरण्याची वेळ एकदाही आली नाही.